नाश्त्याने हजेरी 7 ने वाढली की 4 ने? काटोलच्या 12 शाळांची वजाबाकी

प्रश्न: सर, मी नागपूरच्या एका संस्थेत काम करते. जून 2025 पासून आम्ही काटोल-नरखेडमधल्या 12 प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ता सुरू केला. 2024 च्या नोव्हेंबरात 70 टक्क्यांखाली हजेरी असलेल्या 19 शाळा यादीत होत्या, पण पैसे 12 पुरतेच होते. तुलनेसाठी मौद्यातल्या 12 शाळा घेतल्या. नोव्हेंबरची हजेरी आमच्याकडे 68 वरून 79 झाली, मौद्यात 76 वरून 80. म्हणजे 11 वजा 4, परिणाम 7. 1,900 मुलांच्या ओळींवर रिग्रेशन केलं तर पी-व्हॅल्यू 0.000 येते. अहवालात ‘नाश्त्यामुळे हजेरी 7 टक्क्यांनी वाढली’ असं लिहू का? 2022 पासूनचे आकडे फाईलमध्ये दिले आहेत.

उत्तर:

7 लिहू नका. फाईल उघडून पाहिली. माझा आकडा 4 च्या आसपास येतो, आणि तोही बराच डळमळीत आहे. तुमची वजाबाकी बरोबर आहे. पण वजा करायला मौदा घेतला आणि ‘आधी’ म्हणून एकटा 2024 चा नोव्हेंबर धरला, तिथे घोळ झाला.

आधी हे पाहू की त्या वजाबाकीत तुम्ही नेमकं काय गृहीत धरलंत. मौद्याची हजेरी 4 ने वाढली, म्हणून तुम्ही म्हणता की नाश्ता नसता तर काटोलच्या शाळाही 4 नेच वाढल्या असत्या, 68 च्या 72 झाल्या असत्या. प्रत्यक्षात 79 झाल्या, म्हणून परिणाम 7. यातले 68 आणि 79 हजेरीपटावर आहेत, पण 72 कुठल्याच पटावर नाही. तो मौद्याकडून उसना आणलेला आकडा आहे. डिफरन्स-इन-डिफरन्सेस, म्हणजे फरकातला फरक, या पद्धतीचा सगळा भार त्या उसन्या आकड्यावर असतो. मौद्याची हजेरी मुळातच जास्त आहे याने काही बिघडत नाही, कारण कायमचा फरक वजाबाकीत निघून जातो. दोन्हीकडची चाल सारखी असायला हवी. एक गट चार पायऱ्या वर उभा असला तरी चालेल, पण दोघांनी एकाच वेगाने चढायला हवं. यालाच समांतर कल म्हणतात.

नाश्ता नसताना 2025 ला काय झालं असतं हे कोणीच दाखवू शकत नाही. आधीच्या वर्षांत दोन गट बरोबरीने चालत होते का, एवढं मात्र दाखवता येतं. ते तुमच्या फाईलमध्येच होतं, फक्त तुम्ही शेवटची दोन वर्षं घेतलीत आणि बाकीची बाजूला ठेवलीत. शाळावार सरासरी काढून मी हा तक्ता केला. तिसरी ओळ तुम्ही वापरलीच नव्हती.

| नोव्हेंबरची हजेरी (%) | 2022 | 2023 | 2024 | 2025 |
|---|---|---|---|---|
| नाश्त्याच्या 12 शाळा | 74 | 73 | 68 | 79 |
| मौद्यातल्या 12 शाळा | 77 | 76 | 76 | 80 |
| यादीतल्या उरलेल्या 7 शाळा | 73 | 74 | 68 | 75 |

पहिल्या ओळीतून दुसरी वजा करा. 2022 ला उणे 3, 2023 ला उणे 3, 2024 ला एकदम उणे 8, आणि 2025 ला उणे 1. तुम्ही उणे 8 पासून उणे 1 पर्यंतचं अंतर मोजलंत, ते 7 भरलं. तेच 2022 किंवा 2023 पासून मोजलं तर 2 भरतं. तिन्ही वर्षांची सरासरी धरली तर साधारण 3.7. एकाच फाईलमधून, एकाच पद्धतीने तीन उत्तरं येतात, आणि ‘आधी’ कोणतं वर्ष धरलं एवढ्यानेच उत्तर बदलतं. असं झालं की तुलनेचा गट चुकलाय असं समजावं.

2024 चा तो खळगा कुठून आला? बराचसा तुमच्या निवडीतूनच. ज्यांची हजेरी 2024 च्या नोव्हेंबरात 70 खाली होती त्या शाळा तुम्ही यादीत घेतल्या. अशा शाळा दोन प्रकारच्या असतात. काहींची हजेरी दरवर्षीच कमी असते. काहींची एरवी बरी असते, त्या वर्षी काहीतरी बिनसलेलं असतं. दुसऱ्या प्रकारच्या शाळा पुढच्या वर्षी आपोआप वर येतात, त्यांना नाश्ता द्या किंवा देऊ नका.

तुमच्या फाईलमधली नववी ओळ बघा. त्या शाळेची हजेरी 2022 ला 76, 2023 ला 75, 2024 ला 59 आणि 2025 ला 78. शेरा तुमच्याच माणसाने लिहून ठेवलाय: दोन शिक्षकांपैकी एक त्या महिन्यात दीर्घ रजेवर होते. शिक्षक परतले, हजेरी परतली. पण तुमच्या हिशोबात या शाळेची वाढ 19 लागली आणि ती अख्खी नाश्त्याच्या नावावर जमा झाली. तिच्या जुन्या सवयीशी ताडून पाहिलं तर वाढ दोन-तीनच आहे. अशा दोन-तीन शाळा बारात असल्या तरी सरासरी फुगते.

ही चूक जुनी आणि नामांकित आहे. अमेरिकेतल्या रोजगार प्रशिक्षण योजनांचा परिणाम मोजताना ऑर्ली अॅशनफेल्टर यांनी 1978 च्या लेखात दाखवलं होतं की प्रशिक्षण घेणाऱ्यांची कमाई प्रशिक्षणाच्या आदल्या वर्षीच घसरलेली असते. साहजिक आहे, काम गेलं म्हणून तर माणूस प्रशिक्षणाला येतो. मग त्या पडलेल्या वर्षापासून मोजलं की प्रशिक्षण चमत्कारी वाटतं. तेव्हापासून या खळग्याला ‘अॅशनफेल्टर डिप’ म्हणतात. तुमच्याकडे कमाईच्या जागी हजेरी आहे, इतकाच काय तो फरक.

आता मौद्याकडे वळू. निवडीचा खळगा नसता तरी काटोलच्या तुलनेला मी मौदा घेतला नसता. काटोल-नरखेड म्हणजे कापूस आणि संत्रा. मौदा धानाचा पट्टा. धानाची कापणी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरकते, कापसाची वेचणी मात्र दिवाळीनंतर जोर धरते आणि पुढे लांबत जाते. काटोलकडच्या एका मुख्याध्यापकांनी मला कामाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, “साहेब, वेचणी असली की पोरं वावरात असतात, तुम्ही कितीही चकरा मारा.” म्हणजे नोव्हेंबरची हजेरी मोजताना या दोन भागांत तुम्ही शेतीच्या दोन वेगळ्या वेळा मोजता. एका वर्षी पाऊस लांबला की दोन्ही पिकांचं वेळापत्रक सरकतं, पण सारखं सरकत नाही.

दुसरं, ‘नोव्हेंबर’ हा दरवर्षी तोच महिना नसतो. लक्ष्मीपूजन 2022 ला 24 ऑक्टोबरला होतं, 2023 ला 12 नोव्हेंबरला, 2024 ला 1 नोव्हेंबरला आणि 2025 ला 21 ऑक्टोबरला. त्यात 2024 ला 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. शाळांत मतदान केंद्रं, शिक्षक निवडणुकीच्या कामावर. म्हणजे तुमचा ‘आधी’ महिना सुट्टी आणि निवडणुकीने तुटलेला, आणि ‘नंतर’चा महिना त्या मानाने सलग. मौद्यातली 4 ची वाढ यातूनही आली असेल. दोन्हीकडे सारखीच आली असती तर वजाबाकीत निघून गेली असती, या पद्धतीचं बळ तेच आहे. पण सुट्टीला जोडून पोरगं वेचणीला लागलं की कापसाच्या गावात हजेरी जास्त तुटते, धानाच्या गावात कमी. तो जास्तीचा भाग वजाबाकीनंतरही शिल्लक राहतो. एक गोष्ट याच्या विरुद्धही सांगतो. 2023 ला दिवाळी ऐन नोव्हेंबरात होती आणि तरी त्या वर्षी खळगा नाही. त्यामुळे सगळं खापर दिवाळीवर फोडता येत नाही, निवडीचं कारणच मला मोठं वाटतं. तरी पुढच्या वेळी डिसेंबर घ्या. दिवाळी तिथपर्यंत कधीच जात नाही.

मग तुलना कोणाशी करायची? ते उत्तर तुमच्या प्रश्नातच एका वाक्यात येऊन गेलं: यादीत 19 शाळा होत्या, पैसे 12 पुरतेच होते. उरलेल्या 7 शाळा हे तुमच्या हातातलं सगळ्यात मौल्यवान सामान आहे. त्याच भागातल्या, त्याच कापसाच्या, त्याच महिन्यात त्याच कारणाने 70 खाली गेलेल्या. त्यांनाही खळगा आहे, आणि त्या नाश्त्याशिवाय किती वर आल्या ते दिसतंय: 68 वरून 75, म्हणजे 7. तुमच्या शाळा 11 ने वर आल्या, त्यातले 7 असेही आलेच असते. उरले 4.

पहिली आणि तिसरी ओळ वजा केली की आधीच्या तीन वर्षांतला फरक अधिक 1, उणे 1 आणि 0 येतो, आणि नाश्त्याच्या वर्षी अधिक 4. आता ‘आधी’ म्हणून कोणतंही वर्ष धरा. 2022 धरलं तर परिणाम 3, 2023 धरलं तर 5, 2024 धरलं तर 4, तिन्हींची सरासरी धरली तरी 4. मौद्याशी तुलना केली तेव्हा हीच उत्तरं 2, 2 आणि 7 होती. कोणत्या तुलनेवर विसंबायचं ते यावरून कळतं.

एक सावधगिरी. हे वाचून कोणी मौद्यातल्याच 70 खालच्या शाळा शोधून काढेल आणि त्यांच्याशी तुलना करेल. तसं करू नका. मौद्यात 70 खाली जाणारी शाळा ही मौद्याच्या मानाने फार वाईट वर्ष गेलेली शाळा असणार, आणि ती तितकीच जोरात वर उसळणार, कारण तिथली नेहमीची पातळीच 76-77 आहे. ती उसळी तुमच्या खात्यातून वजा होईल आणि परिणाम उगाच लहान दिसेल. तुमच्या 7 शाळा चालतात, कारण त्या त्याच गठ्ठ्यातून, त्याच चाळणीने आल्यात. ‘आधीचा आकडा जुळतोय’ एवढंच बघून दुसऱ्या गठ्ठ्यातल्या शाळा आणल्या तर चालत नाहीत.

पण 19 मधून या 12 कशा निवडल्या, हे तुम्ही लिहिलेलं नाही. चिठ्ठ्या टाकून निवडल्या असतील तर उत्तम. रस्त्यालगतच्या शाळा आधी घेतल्या असतील, म्हणजे नाश्त्याची गाडी जाते तिथेच, तर गोष्ट थोडी बदलते. रस्त्यालगतच्या शाळेत शिक्षक वेळेवर पोचतात, पर्यवेक्षकांची भेटही होते. हा फरक कायमचा असेल तर वजाबाकीत जातो. पण 2025 लाच नवा रस्ता झाला असेल, एसटीची फेरी सुरू झाली असेल, तर जात नाही. आणि ‘मुख्याध्यापक उत्साही आहेत’ म्हणून निवडल्या असतील तर मला सगळ्यात जास्त धास्ती वाटेल. उत्साही मुख्याध्यापक नाश्ता सोडून इतर चार गोष्टीही त्याच वर्षी सुरू करतात. अहवालात निवडीचा हा परिच्छेद आकड्याच्या आधी यायला हवा.

आता ज्या गोष्टीवर माझा एक अहवाल बुडाला होता ती सांगतो. एका तालुक्यात अशाच खाऊच्या योजनेचं मूल्यमापन होतं. शाळेत गेलो, पटावर त्या दिवशी 41 हजर. वर्गात डोकी मोजली, 33. शिक्षक प्रामाणिक होते, त्यांनी सांगितलं की खाऊ हजेरीवर मिळतो, कमी दाखवली तर दुसऱ्या दिवशी कमी येतो आणि मग पोरांत भांडणं लागतात. म्हणजे योजनेने हजेरी मोजण्याची पद्धतच बदलली होती, आणि तीही फक्त योजनेच्या शाळांत, फक्त योजना आल्यानंतर. अशी चूक वजाबाकीत निघत नाही. उलट वजाबाकी तिला अलगद उचलून ‘परिणाम’ म्हणून तुमच्यासमोर ठेवते.

तुमच्याकडे नाश्त्याच्या पुड्या कशावर मोजून जातात? रोजच्या हजेरीवर जात असतील तर पटावरचा आकडा एकट्याने चालणार नाही. न सांगता भेटी द्या, 12 मध्येही आणि 7 मध्येही, डोकी मोजा आणि त्याच दिवसाच्या पटाशी ताडा. 7 शाळांत पट आणि डोकी यांत 2 चा फरक निघाला आणि 12 मध्ये 5 चा, तर तुमच्या 4 मधले 3 कागदावरचे आहेत. भेटीची वेळ नाश्त्यानंतर तासाभराची ठेवा, खाऊन घरी जाणारी पोरंही असतात.

त्याच भेटीत पटसंख्याही बघा. उरलेल्या 7 शाळा जवळच आहेत हे तुलनेला चांगलं, पण त्यात एक धोका आहे. नाश्ता मिळतो म्हणून शेजारच्या गावातल्या आईबापांनी नाव तिकडे घातलं असेल, तर ती बहुधा नियमित येणारी मुलं असतात. ती 7 मधून 12 मध्ये गेली की एकीकडची टक्केवारी पडते, दुसरीकडची चढते, आणि परिणाम दोन्ही बाजूंनी फुगतो. उपाय सोपा आहे: 2024 ला जी मुलं ज्या शाळेच्या पटावर होती, त्यांना 2025 लाही त्याच शाळेत धरून गणित पुन्हा करा, मग ती आता कुठेही जात असोत. उत्तर फारसं हललं नाही तर प्रश्न मिटला.

आता त्या 0.000 बद्दल. नाश्त्याचा काहीच परिणाम नसता तरी निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू. तुमच्या सॉफ्टवेअरला 1,900 ओळी दिसल्या आणि त्याने समजून घेतलं की 1,900 स्वतंत्र पुरावे आहेत. तसं नाही. वेचणी सुरू झाली की एका गावातली मुलं एकत्रच गैरहजर राहतात. तापाची साथ आली तरी एकत्र, शिक्षक रजेवर गेले तरी एकत्र. नववी ओळ आठवा, तिथे 80 मुलांची हजेरी एकाच कारणाने पडली होती. नाश्ता द्यायचा की नाही हा निर्णय शाळेपुरता झाला, म्हणून तुमच्याकडे पुरावे शाळांइतकेच आहेत. नव्या तुलनेत 19.

यात भर म्हणजे एकाच शाळेची वर्षंही एकमेकांशी जोडलेली असतात. बर्ट्रांड, डुफ्लो आणि मुलईनाथन यांनी 2004 मध्ये अमेरिकेतल्या राज्यांच्या आकडेवारीवर मुद्दाम खोटे, कधी झालेच नाहीत असे कायदे लावून ही पद्धत चालवली. योग्य काळजी घेतली नाही तर 100 पैकी 45 पर्यंत खोटे कायदे ‘लक्षणीय’ ठरत होते. व्हायला हवे होते 5.

लहान गटांसाठी सरळ मार्ग मला आवडतो. प्रत्येक शाळेसाठी एकच आकडा काढा: 2025 ची हजेरी वजा आधीच्या तीन वर्षांची सरासरी. 12 आकडे एकीकडे, 7 आकडे दुसरीकडे, आणि त्यांची साधी टी-चाचणी. मी ती करून पाहिली. 12 शाळांची सरासरी वाढ 7.3, 7 शाळांची 3.3, फरक 4. शाळाशाळांतला विखुरलेपणा, म्हणजे प्रमाण विचलन, दोन्ही गटांत 4.1 च्या आसपास आहे. मग फरकाची प्रमाण त्रुटी अशी:

```
4.1 × √(1/12 + 1/7) = 4.1 × 0.476 ≈ 1.95
```

19 शाळांतून दोन सरासऱ्या काढल्या म्हणून 17 स्वातंत्र्यांश, त्याला टी-तक्त्यात 2.11. 1.95 गुणिले 2.11 म्हणजे 4.1. तेव्हा 95 टक्के पट्टा उणे 0.1 पासून 8.1 पर्यंत जातो. शून्य जेमतेम आत आहे, म्हणजे परिणाम शून्य असण्याची शक्यता या आकड्यांवरून नाकारता येत नाही. तुमच्या 0.000 पासून आपण इथवर आलो, आणि डेटा तोच आहे.

आधीच्या तीन वर्षांची सरासरी का घेतली, एकट्या 2024 ची का नाही? उत्तर दोन्हीकडे 4 च येतं. पण एका वर्षाच्या आकड्यात त्या वर्षाचा गोंगाट असतो. एकटं 2024 घेतलं तर विचलन 5 च्या आसपास जातं आणि पट्टा उणे 1 ते 9 होतो. मागची वर्षं हाताशी असताना ती टाकून देणं म्हणजे तुलनेच्या शाळा कमी करण्यासारखंच आहे.

हेच आर या संगणकभाषेत करायचं असेल तर प्रत्येक शाळेची प्रत्येक वर्षाची एक ओळ ठेवा. `gat` मध्ये नाश्त्याच्या शाळांना 1, इतरांना 0. `nashta` फक्त नाश्त्याच्या शाळांच्या 2025 च्या ओळीला 1.

```r
library(fixest)
m1 <- feols(hajeri ~ nashta | shala + varsh,
            data = d, cluster = ~shala)
m2 <- feols(hajeri ~ i(varsh, gat, ref = 2023) | shala + varsh,
            data = d, cluster = ~shala)
iplot(m2)
```

`m1` मध्ये तोच 4 येईल. `m2` वर्षावार फरक दाखवतो. मौद्याच्या शाळा घालून हा आलेख काढला असतात तर 2022 ला 0, 2024 ला उणे 5 आणि 2025 ला 2 असे ठिपके दिसले असते, आणि 2024 चा ठिपका खाली लटकलेला पाहून तुम्ही स्वतःच थांबला असता. 2024 लाच आधार वर्ष धरलं असतं तर तो खळगा शून्यावर बसून लपला असता आणि आधीची दोन्ही वर्षं अधिक 5 वर गेली असती. म्हणून निवड ज्या वर्षाच्या आकड्यावर झाली ते वर्ष मी आधार म्हणून घेत नाही.

`cluster` लावलं की त्रुटी शाळेपुरती मोजली जाते, पण 19 गट तसे कमीच, आणि तेही 12-7 असे विषम. अशा वेळी ती त्रुटी जरा लहानच निघते. म्हणून खात्रीसाठी मी एक खेळ करतो. 19 नावांतून डोळे मिटून 12 उचलायची, त्यांना ‘नाश्त्याच्या’ म्हणायचं, फरक काढायचा. असं 5,000 वेळा. अशा खोट्या वाटण्यांत 4 किंवा त्याहून मोठा फरक, वर किंवा खाली, किती वेळा निघतो ते मोजा. जितका क्वचित निघेल तितका तुमचा 4 दमदार. संस्थेच्या बैठकीत हे समजावणंही पी-व्हॅल्यूपेक्षा सोपं जातं.

आधीच्या वर्षांचा फरक 1, उणे 1, 0 असा सपाट दिसतोय म्हणून फार हुरळू नका. दर वर्षाच्या या आकड्यालाही सुमारे 2 ची त्रुटी आहेच. दोन गट दरवर्षी 1 ने एकमेकांपासून सरकत असते तरी तीन वर्षांच्या आकड्यांत ते पकडता आलं नसतं. आणि तसं सरकणं खरंच असेल तर मधल्या वर्षापासून 2025 पर्यंत दोन वर्षांत 2 अंक नाश्त्याशिवायच पडतात, म्हणजे तुमचा 4 निम्म्यावर येतो. हेही अहवालात एका ओळीत लिहा.

भाषेचं एक. 68 चे 75 झाले तर ती 7 टक्के वाढ नव्हे. टक्केवारी 7 अंकांनी वाढली, आणि 68 च्या मानाने ती 10 टक्क्यांहून जास्त वाढ होते. वाचणारा यात हमखास गोंधळतो, म्हणून ‘100 मुलांमागे रोज 4 मुलं जास्त’ असं सरळ लिहा.

मी अहवालात हे लिहिलं असतं: “यादीतल्याच पण नाश्ता न मिळालेल्या 7 शाळांच्या तुलनेत, नाश्त्याच्या 12 शाळांत नोव्हेंबर 2025 ला 100 मुलांमागे सुमारे 4 मुलं जास्त हजर होती. शाळांची संख्या कमी असल्याने हा आकडा शून्याच्या आसपासपासून 8 पर्यंत कुठेही असू शकतो. हजेरी पटावरून घेतली आहे.” डोकी मोजून झाली की शेवटचं वाक्य बदलेल, कदाचित 4 सुद्धा बदलेल. मौद्याची तुलना परिशिष्टात टाका आणि ती का सोडली ते लिहा. नाहीतर कोणीतरी 7 शोधून काढेल आणि तुम्ही आकडा लपवला म्हणेल.

तुमच्या फाईलच्या शेवटच्या पानावर ‘जून 2026 पासून उरलेल्या 7 शाळा’ अशी नोंद दिसली. मुलांसाठी ते बरोबरच आहे. पण एकदा त्या शाळांत नाश्ता गेला की तुलना संपली. त्यानंतर आधीच्या 12 शाळांना ‘तुलनेच्या’ धरून या 7 चा परिणाम काढायला जाऊ नका, कारण 12 मधला परिणाम स्वतःच वर्षागणिक वाढत किंवा विरत असेल, आणि तो बदल 7 च्या खात्यात उलट्या चिन्हाने येईल. तेव्हा जून उजाडण्याआधी 19 ही शाळांचे डिसेंबर 2025 ते मार्च 2026 चे पट फोटो काढून घ्या, आणि न सांगता भेटींचे दोन फेरे याच उन्हाळ्याच्या सुट्टीआधी उरका.